पाच मीटर, पण कुठून?

रेकॉर्डिंग 1 तास 47 मिनिटांचं होतं आणि त्यातली पहिली 9 मिनिटं खुर्च्या ओढल्याचा आवाज, मेसच्या भाजीबद्दलची तक्रार आणि मार्कर कुणी नेला यावरून झालेलं भांडण. सिव्हिलचं तिसरं सेमिस्टर, विषय स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, टॉपिक शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम, म्हणजे लोडमुळं बीमला कापू बघणारा जोर आणि वाकवू बघणारा परिणाम कुठं किती, त्याच्या आकृत्या. हॉस्टेलच्या स्टडीरूममधे आम्ही पाचजणं बसलेलो. सहावी, म्हणजे माझी रूममेट, गावाकडं होती कारण तिची आजी गेली होती आणि तेरावं होईपर्यंत ती येणार नव्हती.

तिने मेसेज केला होता की रेकॉर्डिंगच पाठव ना, ऐकते रात्री. मी हो म्हणाले आणि मग पाठवलं नाही. एक तर पावणेदोन तास ती कुठं ऐकणार, घर पाहुण्यांनी भरलेलं. आणि दुसरं खरं कारण हे की 27 व्या मिनिटाला आमच्यातल्या एकाने तिच्या अटेंडन्सवरून एक फालतू जोक मारलाय आणि त्यावर आम्ही हसलोय, मीपण, माझं हसणं स्पष्ट ऐकू येतं. ते तिला त्या दिवसांत ऐकवायचं नव्हतं. म्हणून मी म्हणलं की थांब, मी तुला एका पानात काढून देते. म्हणताना वाटलं अर्ध्या तासाचं काम. दोन रात्री गेल्या.

पहिल्या रात्री मी जे केलं ते आधी सांगते कारण ते चुकीचं होतं. मी फोन कानाला लावून पॉज करत करत लिहीत बसले. जे बोललं गेलं ते, त्याच क्रमाने, जरा नीट भाषेत. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगची चार पानं झाली आणि ती वाचल्यावर मला स्वतःलाच काही कळेना. कारण त्यात अशी वाक्यं होती, की हा बीम, इथं सपोर्ट, इथं सपोर्ट, आणि हे इकडं बाहेर आलेलं, आता इथून इथपर्यंत यूडीएल. इथं म्हणजे कुठं? बोलणारा बोर्डवर बोट ठेवत होता आणि फोन टेबलावर उपडा पडलेला. बोलताना आपण किती गोष्टी बोटाने सांगतो ते रेकॉर्डिंग ऐकल्यावरच समजतं. बोर्डचा फोटो होता पण एकच, शेवटचा, त्याच्या आधी तीनदा बोर्ड पुसला होता.

दुसऱ्या रात्री पद्धत बदलली. आधी सगळं एकदा दीडपट स्पीडने ऐकलं, न थांबवता, फक्त मिनिट आणि एखादा शब्द टिपत. 21, रिॲक्शन. 34, मॅक्स. 52, पंचाहत्तर आलं आणि आवाज चढले. 58, राउंडिंग. 1:10, थांब थांब थांब. आणि मग 1:19 ला लाइट गेली, पंखा बंद झाला आणि तिथून पुढचं इतकं स्वच्छ ऐकू येतंय की वाटतं अख्खं सेशन लाइट घालवूनच करायला हवं होतं. या टिपणांत एक गंमत दिसली. जिथं आम्हाला येत होतं तिथं आम्ही भराभर गेलो, काही टिपण्यासारखं नाही. आवाज चढलेत, कुणीतरी थांब म्हणलंय किंवा सगळे एकदम हसलेत, तिथंच काहीतरी अडकलेलं आहे. त्यामुळं दुसऱ्यांदा ऐकताना फक्त त्या जागा ऐकल्या. आणि मग फोन बाजूला ठेवून गणित स्वतः पहिल्यापासून सोडवलं. हे तिसरं काम मी जवळजवळ टाळणारच होते, कारण उत्तरं तर आली होती ना.

गणित असं होतं. एक बीम आहे, ए पासून सी पर्यंत 8 मीटर लांब. ए ला सपोर्ट, ए पासून 6 मीटरवर बी ला दुसरा सपोर्ट, आणि बी च्या पुढं 2 मीटर बीम नुसताच बाहेर आलेला, घराच्या गॅलरीसारखा. ए ते बी भागावर दर मीटरला 10 किलोन्यूटनचा सारखा पसरलेला लोड, म्हणजेच यूडीएल, आणि सी च्या टोकाला 15 किलोन्यूटनचा एक पॉइंट लोड. रिॲक्शन, म्हणजे प्रत्येक सपोर्ट बीमला किती उचलून धरतो ते काढा, दोन्ही डायग्राम काढा, मॅक्सिमम बेंडिंग मोमेंट सांगा आणि कॉन्ट्राफ्लेक्शरचा पॉइंट सांगा. पुस्तकात मागं उत्तरं दिलेली, 31.25 आणि 5 मीटर.

रिॲक्शनला काहीच अडचण आली नाही. ए भोवती मोमेंट घेतले, बी ला 50, ए ला 25. एकूण लोड 60 अधिक 15, म्हणजे 75, आणि 50 अधिक 25 पण 75, जुळलं. शिअर डायग्रामही सरळ. ए ला 25 ने सुरू होतो, दर मीटरला 10 ने उतरतो, बी च्या अगदी अलीकडं उणे 35 होतो, बी ला 50 ची उडी मारून अधिक 15 वर जातो आणि सी पर्यंत 15 च राहतो. इथपर्यंतचं शीटवर मी चार ओळींत संपवलं. हे तिला येतंच, याचे तास तिने केलेले होते.

मग 34 व्या मिनिटाला अण्णा बोलतो. अण्णा म्हणजे आमच्यातला डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, वयाने मोठा, त्याचं बोलणं ऐकलं की वाटतं हा काय चुकणार. तो म्हणतो, शिअर जिथं झिरो तिथं मोमेंट मॅक्सिमम. बरोबर आहे. शिअर 25 पासून दर मीटरला 10 ने उतरतो म्हणजे 2.5 मीटरवर झिरो, तिथं मॅक्सिमम. आणि 41 व्या मिनिटाला तोच अण्णा त्याच ठाम आवाजात म्हणतो की शिअर झिरो म्हणजेच कॉन्ट्राफ्लेक्शर. हे साफ चूक आहे, पण कुणी काही बोललं नाही, मीपण नाही, मी तर वहीत लिहूनही घेतलं. पुढं 1:10 ला आमच्यातली चश्मिश, जी एरवी तोंड उघडत नाही, ती ओरडते थांब थांब थांब, कॉन्ट्राफ्लेक्शर शिअरवरून नाही रे, मोमेंट झिरो होऊन साइन बदलतो तिथं. मधे 29 मिनिटं गेलीत. मी पहिल्या रात्रीसारखं क्रमाने लिहीत गेले असते तर पहिल्या पानावर चूक आणि तिसऱ्या पानावर दुरुस्ती अशी दोन वाक्यं झाली असती. आणि घरात पाहुण्यांमधे बसून फोनवर वाचणारी पोरगी पहिलं पान वाचून झोपली असती तर?

म्हणून मी शीटची सुरुवात व्याख्येने केलीच नाही. वर बीमचं चित्र काढलं, पण सरळ बीमचं नाही, वाकलेल्या बीमचं, वाकणं मुद्दाम भरपूर वाढवून. ए आणि बी च्या मधे बीम खाली झोळ खातो, त्याचा आकार हसऱ्या तोंडासारखा, त्याला सॅगिंग म्हणायचं आणि मोमेंट अधिक. बी च्या वर आणि पुढं गॅलरीत बीम उलटा वाकतो, पडलेल्या तोंडासारखा, ते हॉगिंग आणि मोमेंट उणे. आता हसरं तोंड संपून पडलेलं तोंड सुरू होतं अशी मधे एक जागा असणारच ना, तिथं बीम क्षणभर सरळ आहे, वाकलेलाच नाही. तीच कॉन्ट्राफ्लेक्शरची जागा. आणि सगळ्यात जास्त हसणारी जागा वेगळी. हे चित्र बघितल्यावर दोन्ही एकच कसे असतील हा प्रश्नच पडत नाही. रेकॉर्डिंगमधे हे चित्र नाही. तिथं हे समजायला आम्हाला अर्धा तास आणि चश्मिशची ओरड लागली, शीटवर ते पहिल्या तीन इंचात आलं.

खरी गडबड मात्र 52 व्या मिनिटाची होती आणि ती रेकॉर्डिंगमधे कुणीच दुरुस्त केलेली नाही.

झालं असं, की मोमेंट काढताना कुणीतरी म्हणालं की यूडीएल म्हणजे काय, 60 किलोन्यूटन मध्यावर ठेवायचे आणि सुटायचं. रिॲक्शन काढताना आपण तसंच करतो, 10 गुणिले 6, साठ, तो ए पासून 3 मीटरवर. मग त्याच हिशोबाने मोमेंट काढला तर मधोमध, 3 मीटरवर, 25 गुणिले 3, पंचाहत्तर. पुस्तकात 31.25. इथं आवाज चढले. मग एकाने शिअर डायग्रामचं क्षेत्रफळ घेतलं, कारण तेही मोमेंटच देतं, 2.5 मीटरपर्यंतचा त्रिकोण, अर्धा गुणिले 25 गुणिले 2.5, आणि आलं 31.25. टाळ्या. खरंच टाळ्या ऐकू येतात. पण मग पंचाहत्तर का आलं होतं? ते कुणी विचारलं नाही. उत्तर जुळलं की प्रश्न मरतो, निदान आमच्या ग्रुपमधे तरी.

आणि तो मेलेला प्रश्न सहा मिनिटांनी पुन्हा उठला. अण्णाचं 41 व्या मिनिटाचं वाक्य वहीत तसंच होतं, पण गणितात कॉन्ट्राफ्लेक्शर काढायला मोमेंटचं समीकरण हवं, म्हणून पुन्हा तेच 60 मध्यावर ठेवून समीकरण मांडलं आणि आलं 5.14. पुस्तकात 5. आणि 58 व्या मिनिटाला एक अतिशय समाधानी आवाज म्हणतो, राउंडिंग असेल. तो आवाज माझा आहे.

रात्री साडेबाराला हे ऐकताना मी आधी पुढं गेले, मग मागं आले. राउंडिंग कसलं? राउंडिंग व्हायला आधी कुठंतरी दशांश लागतो. इथं 25, 60, 3, सगळे पूर्ण आकडे, 180 भागिले 35 केल्यावरच पहिल्यांदा पॉइंट आला. जिथं काही तोडलंच नाही तिथं तोडल्याचा फरक कसा येईल? म्हणजे फरक समीकरणात आहे. मग मी दोन्ही समीकरणं एकाखाली एक लिहिली:

```
चूक :   M = 25x - 60(x - 3)      M = 0  ->  x = 5.14
बरोबर:  M = 25x - 10x(x/2)
          = 25x - 5x²            M = 0  ->  x = 5
```

फरक इतकाच, की बेंडिंग मोमेंट काढताना आपण बीम एका जागी मनातल्या मनात कापतो आणि कापलेल्या जागेच्या डावीकडं जे आहे तेवढंच मोजतो. फळीवर ओळीने पोती मांडलीत असं समजा, आणि फळी करवतीने कापली. डाव्या तुकड्यावर जेवढी पोती आली तेवढीच त्या तुकड्याची, उजवीकडची पोती त्याच्यावर कशाला टाकायची? ए पासून 2.5 मीटरवर कापलं तर डावीकडं फक्त 25 किलोन्यूटन लोड आहे, 60 नाही, आणि त्याचा मध्य कापापासून 1.25 मीटरवर. मोमेंट 62.5 वजा 31.25, म्हणजे 31.25. क्षेत्रफळाने आलं होतं तेच. आणि 3 मीटरवर, जिथं आम्हाला 75 आलं होतं, तिथं खरं उत्तर 30 आहे, 75 मधून डावीकडच्या 30 किलोन्यूटनचे 45 वजा करायचे राहिले होते.

मग मला कळेना की ही चूक आम्हाला दिसली कशी नाही, कारण आम्ही चेक केलं होतं. रेकॉर्डिंगमधे अण्णा स्पष्ट म्हणतो की बी वर चेक करू, डावीकडून आणि उजवीकडून. डावीकडून, साठ मध्यावर ठेवून, 150 वजा 180, उणे 30. उजवीकडून 15 गुणिले 2, उणे 30. जुळलं, म्हणजे पद्धत बरोबर. आणि इथंच फसलो. बी ला कापल्यावर सगळी पोती डावीकडच्याच तुकड्यावर येतात, तेव्हा साठ मध्यावर ठेवणं चालतं. म्हणजे आम्ही नेमकी तीच जागा तपासायला निवडली जिथं चुकीची पद्धतही बरोबर उत्तर देते. यूडीएलच्या आत कुठंही कापून तपासलं असतं तर लगेच सापडलं असतं.

आणखी एक पुरावा बोर्डच्या त्या एकुलत्या एक फोटोत होता. आमचा बेंडिंग मोमेंट डायग्राम सरळ रेषांचा आहे, ताठ त्रिकोण, टोकाला 31.25 लिहिलेलं. यूडीएलखाली मोमेंटची रेषा सरळ येऊच शकत नाही, समीकरणात x चा वर्ग आहे, ती वाकडी येणार, पॅराबोला. सरळ रेषा दिसली की समजायचं कुणीतरी पसरलेला लोड गोळा करून एका जागी ठेवलाय. हे मी शीटवर लिहिलं, कारण परीक्षेत स्वतःची चूक पकडायला याच्याइतकं स्वस्त काही नाही, एक नजर टाकायची.

आता प्रश्न असा, की हे शीटवर लिहायचं कसं? मी म्हणले होते की सेशनचं सार काढून देते. सेशनमधे तर हे कुणी बोललंच नव्हतं. जे झालं नाही ते सार म्हणून कसं देणार, आणि जे झालं ते जसंच्या तसं दिलं तर 5.14 राउंडिंगने 5 होतात हे शिकवणार. मग मी दोन पेनं घेतली. निळ्या पेनने जे ग्रुपमधे ठरलं ते, हिरव्या पेनने जे मी नंतर घातलं ते, आणि वर कोपऱ्यात लिहिलं की हिरवं माझं आहे, चुकलं असेल तर माझ्या बापाचं नाव काढ, ग्रुपचं नको. हे तिला कळणं मला गरजेचं वाटलं. पाच डोकी ज्यावर हो म्हणाली ते, आणि एका डोक्याला रात्री दीडला सुचलं ते, यांचं वजन वेगळं असतं. सकाळी ग्रुपवरपण टाकलं की 58 व्या मिनिटाचं राउंडिंग चुकीचं होतं. अण्णाने आधी मानलं नाही, मग मेसमधे पोह्यांच्या प्लेटीशेजारी कागद घेऊन 4 मीटरवर कापून बघितलं. चुकीच्या पद्धतीने 40, बरोबर पद्धतीने 20. आयला म्हणाला, आणि उरलेले पोहे खाल्ले.

शीटवर अजून एक गोष्ट हिरव्या पेनने गेली. शिअर झिरोची जागा एकच नाहीये. 2.5 मीटरवर शिअर हळूच झिरोतून जातो, पण बी ला तो उणे 35 वरून अधिक 15 वर उडी मारतो, म्हणजे तिथंही साइन बदलतो. त्यामुळं मोमेंटचं दुसरं टोक बी ला आहे, उणे 30. पुस्तकाने मॅक्सिमम 31.25 म्हणून सोडून दिलं आणि आम्हीपण. पण हे दोन आकडे किती जवळ आहेत बघा. सी चा लोड 15 ऐवजी 20 केला तर बी ला उणे 40 होतात आणि मधला आकडा उलट कमी होतो, मग सगळ्यात मोठा मोमेंट हॉगिंगचा. म्हणून दोन्ही काढायचे, दोन्ही लिहायचे. आणि शेवटी तपासायला शिअरच्या क्षेत्रफळांची बेरीज: अधिक 31.25, मग उणे 61.25, मग अधिक 30. एकूण झिरो. सी च्या मोकळ्या टोकाला मोमेंट झिरोच असायला हवा. हा चेक मात्र खरा आहे, कारण तो मधल्या प्रत्येक तुकड्यातून जातो.

एवढं सगळं एका ए फोर कागदाच्या दोन बाजूंत बसवलं. तिसऱ्यांदा लिहिलेला कागद तो, आधीचे दोन फाडले, कारण अक्षर बारीक झालं होतं आणि ती हे मोबाईलवर बघणार होती. फोटो व्हॉट्सॲपवर नुसता टाकला तर व्हॉट्सॲपने तो इतका दाबला की हिरवं निळं सारखंच दिसायला लागलं, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवला. गेल्यावर तिचा अंगठा आला. दोन दिवस काही नाही.

तिसऱ्या दिवशी रात्री फोन. आधी घरचं बोलली, आजीच्या साड्या वाटल्या त्याबद्दल, कुणी कुठली घेतली ते. मग म्हणाली, तुझा कागद बाबांना दाखवला. तिचे बाबा सेंटरिंगची कामं घेतात, वीस पंचवीस वर्षं स्लॅब ओतलेत त्यांनी. त्यांना मोमेंट वगैरे काही माहीत नाही, पण वाकलेल्या बीमचं चित्र बघून लगेच म्हणाले की गॅलरीत सळई वर असते ती याच्यामुळंच. काँक्रीट दाबाला घट्ट, ताणाला कच्चं, जिथं ताण येणार तिथं सळई पाहिजे. मधे झोळ खातो तिथं ताण खाली, म्हणून सळई खाली. गॅलरीत बीम उलटा वाकतो, ताण वर, म्हणून सळई वर. आणि म्हणाले की ओतताना पोरं त्याच सळईवर नाचतात, सळई वर धरून ठेवणारे चेअर लावले नसतील तर ती खाली दबते, वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही, काँक्रीट झाकून टाकतं. सेंटरिंग काढलं की मग गॅलरी दाखवते.

आमच्या पावणेदोन तासांत सळई हा शब्द एकदाही आलेला नाही. मी शोधून बघितलं नंतर, खरंच नाही.

पुढं ती म्हणाली, बाबा विचारतायत की तुमचं ते हसणं रडणं 5 मीटरला बदलतं, म्हणजे बी पासून आत 1 मीटर, तर वरची सळई आत 1 मीटर नेऊन तोडली तर चालेल का? ते स्वतः तसं कधीच करत नाहीत, आत भरपूर नेतात, पण कागद तर तसं म्हणतोय. मी गप्प. मग म्हणलं उद्या सांगते.

त्याचं उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी बोर्डवर मिळालं आणि ते पुस्तकातल्या गणितात नव्हतं. 5 मीटर हा आकडा बीमचा नाहीच, तो त्या लोडचा आहे. समजा खोली रिकामी आहे आणि गॅलरीत मात्र गर्दी, वरात बघायला उभी राहते तशी. बीमचं स्वतःचं वजन बाजूला ठेवून टोकाची केस घेतली, ए ते बी वरचे 60 काढून टाकले आणि सी चे 15 तसेच ठेवले:

```
RB = 15 × 8 / 6 = 20
RA = 15 - 20    = -5
M  = -5x        (A ते B)
```

ए ला उणे 5, म्हणजे बीम ए ला उचलायला बघतोय, सपोर्टने त्याला खाली धरून ठेवायचंय. आणि मोमेंट ए पासून बी पर्यंत सगळीकडं उणे. कॉन्ट्राफ्लेक्शर गायब. हसणं कुठंच नाही, अख्खा बीम वरून ताणलेला. खऱ्या घरात बीम आणि स्लॅबचं वजन कायम असतं त्यामुळं इतकं टोकाला जात नाही, खरा पॉइंट या दोन केसेसच्या मधे कुठंतरी सरकत राहतो. पण 1 मीटरवर सळई तोडायची नाही हे नक्की, आणि त्याशिवाय सळईला काँक्रीटमधे पकड मिळायलाही पुढं लांबी लागते. बाबा भरपूर आत नेतात ते बरोबर करतात. हे मी हिरव्याने नाही, लाल पेनने लिहिलं, नवीन फोटो काढला, पाठवला.

ती सोमवारी आली. केस धुतलेले, चेहरा उतरलेला, बॅगेत चकल्या. कागदाची प्रिंट काढून आणली होती तालुक्यातून, ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे माझी तीन पेनं सगळी एकच काळी झालेली. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. वर कोपऱ्यात लिहिलेलं होतं हिरवं माझं आहे, आणि खाली हिरवं काहीच नाही. तिने फोनवर मूळ फोटो बघून पेन्सिलने जिथं हिरवं तिथं हि आणि लाल तिथं ला लिहिलं होतं, सगळीकडं, बारीक अक्षरात.

मागच्या बाजूला तिने गणित स्वतः सोडवून बघितलेलं. बीम उलटा काढलेला, गॅलरी डावीकडं, कारण त्यांच्या घराची गॅलरी रस्त्यावरून बघितलं की डावीकडंच येते. रिॲक्शन बरोबर, शिअर बरोबर, आणि कॉन्ट्राफ्लेक्शर तिने डाव्या टोकापासून 5 मीटर मोजून टिंब दिलं होतं. तिच्या चित्रात डावं टोक म्हणजे सी. सी पासून 5 मीटर म्हणजे ए पासून 3, बरोब्बर ए आणि बी च्या मधोमध, जिथं मोमेंट अधिक 30 आहे, जवळजवळ सगळ्यात जास्त हसणारी जागा. तिथं तिने झिरो लिहिलेला, आणि मग ते काही पटलं नसावं, कारण शेजारी पेन्सिलने दोनदा गोल करून लिहिलं होतं: 5 मीटर, पण कुठून?

मी माझा कागद उलटसुलट करून बघितला. पुढं, मागं, समीकरणात, चित्राखाली. x काय आहे ते मी कुठंच लिहिलं नव्हतं. रेकॉर्डिंगमधल्या इथून इथपर्यंतला दोन रात्री शिव्या घातल्या आणि स्वतः तेच केलं, फक्त बोटाच्या जागी x.

तिची पेन्सिल घेऊन मी गोलाच्या शेजारी लिहिलं, ए पासून. तिने चकलीचा डबा उघडला आणि बीम परत काढायला घेतला, याही वेळी गॅलरी डावीकडंच.